१५ सप्टेंबरपासून मागे मोजत

मास्टर्ससाठी जर्मनीला येऊन मला आता दोन महिने झाले. निघण्याआधीचं जवळजवळ वर्षभर कागदपत्रांतच गेलं. सगळं वेळेत झालं खरं, पण ते एका रविवारी केलेल्या हिशोबामुळे. तो हिशोब आधी कुणी समजावून दिला असता तर माझ्या बऱ्याच रात्री शांत झोपेत गेल्या असत्या. म्हणून तारखांसकट सगळं लिहून काढते आहे.

रविवार, २९ सप्टेंबर २०२४. मला २०२५ च्या हिवाळी सत्राला प्रवेश घ्यायचा होता. जर्मन विद्यापीठांचं हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि वर्ग साधारण ऑक्टोबरच्या मध्याला भरतात. म्हणजे हातात पूर्ण वर्ष आहे, अशी माझी समजूत होती. त्या दिवशी जर्मनीत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीला फोन केला. मी म्हटलं, "ताई, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातलं विमान धरून प्लॅन करते." ती म्हणाली, "अगं, विमानापासून कशाला मोजतेस? विद्यापीठात नाव नोंदवायची शेवटची तारीख बघ. ती चुकली तर प्रवेश गेला. आणि आता कागद घे आणि तिथून उलटं मोजत ये."

मी वहीचं कोरं पान घेतलं आणि तळाशी ३० सप्टेंबर लिहिलं. मला हव्या असलेल्या बहुतेक अभ्यासक्रमांची नावनोंदणी त्या सुमारास संपत होती. पोहोचल्यावर विमा, फी आणि राहण्याची सोय यांसाठी दोन आठवडे हवेत, म्हणून त्याच्या वर १५ सप्टेंबर लिहिलं. ही माझी खरी तारीख. त्या दिवशी मी तिथे असायला हवं.

त्याच्या आधी व्हिसा. विद्यार्थी व्हिसाला किती वेळ लागेल हे कुणी ठामपणे सांगत नाही, पण बारा आठवडे धरून चालावं असं मी जिथे जिथे विचारलं तिथे सांगितलं गेलं. १५ सप्टेंबरमधून बारा आठवडे वजा केले की २३ जून येतो. अर्ज देण्याची अपॉइंटमेंट मिळायलाच तीन-चार आठवडे जातात. म्हणजे प्रवेशपत्र मेच्या अखेरीला, फार तर जूनच्या पहिल्या आठवड्यात हातात पाहिजे, कारण त्याशिवाय व्हिसाचा अर्ज करण्यात अर्थ नाही.

इथे मी थबकले. माझ्या यादीत नऊ अभ्यासक्रम होते आणि त्यांतल्या चारांची अर्जाची मुदत १५ जुलै होती. हिवाळी सत्रासाठी ही अगदी नेहमीची मुदत आहे. मुदत संपल्यावर निकालाला सहा ते आठ आठवडे लागतात. म्हणजे पत्र सप्टेंबरमध्ये येणार, त्यानंतर बारा आठवडे व्हिसाचे, आणि मी पोहोचणार डिसेंबरमध्ये. संकेतस्थळावर ती मुदत छान उघडी दिसते, अर्जही स्वीकारला जातो. ज्याला व्हिसा लागत नाही त्याच्यासाठी ती खरी मुदत आहे. माझ्यासाठी ती मुदत नव्हतीच.

दोन अभ्यासक्रम ३१ मेचे होते. त्यांचं पत्र जुलैच्या मध्याला किंवा अखेरीला येणार, व्हिसा ऑक्टोबरमध्ये. दोन्ही ठिकाणी ईमेल करून विचारलं की व्हिसामुळे उशीर झाला तर नाव नोंदवता येईल का. एका ठिकाणाहून लेखी उत्तर आलं की कळवलंत तर ऑक्टोबरच्या अखेरपर्यंत चालेल. दुसरीकडून नाही म्हणाले. पहिला ठेवला, दुसरा खोडला. उरलेले तीन मार्चच्या मुदतीचे होते. नवाचे चार झाले, तेही एकही अर्ज न करता. वाईट वाटलं. खोडलेल्यांमध्ये माझा सगळ्यात आवडता अभ्यासक्रम होता. पण हे सप्टेंबरमध्ये कळलं ते बरं झालं.

मग मार्चपासून मागे. मार्चच्या तिन्ही अभ्यासक्रमांना युनि-असिस्टमार्फत जावं लागत होतं. ही संस्था परदेशी विद्यार्थ्यांची कागदपत्रं तपासून विद्यापीठाकडे पाठवते. तपासणीला चार ते सहा आठवडे लागतात आणि मुदतीच्या आठ आठवडे आधी अर्ज करा असं ते स्वतःच सांगतात. १५ मार्चमधून आठ आठवडे गेले की १८ जानेवारी. त्या दिवशी माझ्याकडे एपीएसचं प्रमाणपत्र हवं. भारतातल्या पदव्या खऱ्या आहेत की नाहीत हे तपासणारा हा विभाग दिल्लीत आहे आणि नोव्हेंबर २०२२ पासून आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना ते प्रमाणपत्र सक्तीचं आहे. त्याला मी सहा ते आठ आठवडे धरले, शिवाय काही दुरुस्ती निघाली तर दोन. म्हणजे अर्ज नोव्हेंबरच्या मध्याला गेला पाहिजे. त्या अर्जाला सगळ्या गुणपत्रिका लागतात आणि माझ्या विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट मिळायला महिना लागतो हे मला माहीत होतं.

म्हणजे ट्रान्सक्रिप्टचा अर्ज ऑक्टोबरच्या मध्याला. पानाच्या अगदी वरच्या ओळीवर मी ती तारीख लिहिली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. दोन आठवडे उरले होते. तासाभरापूर्वी माझ्याकडे पूर्ण वर्ष होतं.

त्याच संध्याकाळी मी आयईएलटीएसची तारीख बुक करायला बसले होते. फॉर्ममध्ये पासपोर्ट नंबर टाकायचा म्हणून पासपोर्ट उघडला आणि संपण्याची तारीख दिसली: जुलै २०२५. व्हिसाचा अर्ज करताना त्याचे जेमतेम काही दिवस उरले असते. नूतनीकरण करावंच लागणार होतं आणि नवीन पासपोर्टला नवीन नंबर येतो. परीक्षेला ज्या पासपोर्टवर नाव नोंदवलं तोच घेऊन जावं लागतो, आणि निकालावरही तोच नंबर छापला जातो. म्हणून लॅपटॉप बंद केला आणि आधी पासपोर्टचा अर्ज भरला. ४ ऑक्टोबरला अपॉइंटमेंट मिळाली, २२ ऑक्टोबरला पासपोर्ट घरी आला. तुमचा पासपोर्ट पुढच्या दीड-दोन वर्षांत संपणार असेल तर बाकी कशालाही हात लावण्याआधी तो नवा करून घ्या. पुढच्या प्रत्येक अर्जात तो नंबर जातो.

पासपोर्ट येईपर्यंतच्या दिवसांत मी सगळी कागदपत्रं जमिनीवर मांडली आणि फक्त नावं वाचली. दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग माझं नाव, मग बाबांचं. पदवीवरही तसंच, शिवाय शेवटी आईचं नाव. पासपोर्टवर मात्र माझं आणि बाबांचं नाव एका रकान्यात आणि आडनाव दुसऱ्या. हा क्रमाचा फरक आपल्याकडे सगळ्यांचाच असतो आणि त्याने काही अडत नाही. पण बारावीच्या गुणपत्रिकेवर बाबांच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त होता. इतकी वर्षं घरात कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. मंडळाकडून दुरुस्ती करून घ्यायला किती महिने लागतील हे कुणी सांगेना, म्हणून नोटरीकडून दोन्ही स्पेलिंग एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र करून घेतलं आणि ते प्रत्येक अर्जाला जोडलं. नंतर कुणी शंका काढली नाही. पण हे काम नोव्हेंबरात सुचलं असतं तर एपीएस पुढे ढकलावं लागलं असतं.

ट्रान्सक्रिप्टला महिन्याऐवजी पाच आठवडे लागले. सही करणारे अधिकारी रजेवर होते. मी दर दोन दिवसांनी फोन करत होते आणि दर वेळी "उद्या" हेच उत्तर मिळत होतं. शेवटी १६ नोव्हेंबरला तीन प्रती मिळाल्या. जास्त प्रती मागून ठेवल्या हे बरं केलं, कारण पुन्हा त्याच रांगेत उभं राहायची वेळ आली नाही. १८ तारखेला एपीएसचं पाकीट कुरियरने गेलं, फी १८,००० रुपये. २३ नोव्हेंबरला आयईएलटीएस दिली. कॉम्प्युटरवर दिली की निकाल काही दिवसांतच येतो, त्यामुळे ती चिंता लवकर मिटली.

परीक्षेबद्दल एक सांगायचंय. आयईएलटीएसचा निकाल दोन वर्षं धरला जातो. माझ्या एका मैत्रिणीने ती उत्साहात खूप आधी दिली होती आणि ऐन अर्जाच्या मोसमात तिचा निकाल कालबाह्य झाला. त्यामुळे माझ्या पानावर मी प्रत्येक कागदापुढे दोन आकडे लिहिले होते: मिळायला किती वेळ लागतो आणि मिळाल्यावर किती काळ टिकतो. पदवी, ट्रान्सक्रिप्ट, एपीएस हे टिकणारे कागद आहेत. ते जितक्या लवकर होतील तितकं चांगलं. बँकेचं विवरण, फोटो, प्रवासाचा विमा हे शिळे होतात. ते शेवटी करायचे. घाबरून सगळंच लवकर करत सुटलं तर यातलं निम्मं पुन्हा करावं लागतं.

२७ डिसेंबरला एपीएस आलं. साडेपाच आठवडे. १४ जानेवारीला युनि-असिस्टचे तिन्ही अर्ज भरले. पहिल्याला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३०, म्हणजे १३५ युरो. तिन्हींपैकी एका विद्यापीठाला नुसती पूर्वतपासणी हवी होती. तिला व्हीपीडी म्हणतात. युनि-असिस्ट ती तुम्हाला देतं आणि मग ती जोडून विद्यापीठाच्या स्वतःच्या पोर्टलवर वेगळा अर्ज करायचा असतो. म्हणजे १५ मार्चला युनि-असिस्टकडे पोहोचून उपयोग नाही, त्या तारखेला व्हीपीडी तुमच्या हातात हवी. हे मला अर्ज भरताना कळलं. आठ आठवड्यांची शिल्लक होती म्हणून निभावलं.

३ फेब्रुवारीला ईमेल आला: गुण देण्याच्या पद्धतीचं पान नाही. ट्रान्सक्रिप्टच्या मागच्या बाजूला फिकट राखाडी अक्षरात तो तक्ता छापलेला होता, किती टक्क्यांना कोणती श्रेणी, पास व्हायला किमान किती. मी फक्त पुढची बाजू स्कॅन केली होती. जर्मन विद्यापीठं आपले गुण त्यांच्या १ ते ४ च्या श्रेणीत बदलतात. त्यासाठी त्यांना कमाल गुण आणि पास होण्याचे किमान गुण हे दोन्ही आकडे लागतात, आणि ते त्याच तक्त्यात असतात. त्याशिवाय गाडी पुढे जात नाही. त्याच दिवशी अपलोड केलं. तपासणी पुन्हा रांगेत गेली. व्हीपीडी ४ मार्चला आली, बाकीचे दोन अर्ज ६ मार्चला विद्यापीठांकडे गेले. फेब्रुवारीच्या मध्याला अर्ज केला असता तर हीच चूक महागात पडली असती. तुमच्या गुणपत्रिकांची मागची बाजू कोरी दिसली तरी एकदा उजेडात धरून बघा आणि स्कॅन करा.

मार्च-एप्रिल वाट बघण्यात गेले. २४ एप्रिलला पहिला नकार आला. रात्री जेवले नाही. ९ मेला दुसऱ्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र आलं, आणि मी ते तीन वेळा वाचून आईला पाठवलं. त्याच रात्री दोन कामं केली. विद्यार्थी वसतिगृहासाठी नाव घातलं, कारण तिथली यादी कित्येक महिन्यांची असते. आणि व्हिसाच्या अपॉइंटमेंटसाठी अर्ज केला. १७ जून मिळाली. २३ जूनच्या सहा दिवस आधी.

मधले पाच आठवडे ब्लॉक्ड अकाउंटने खाल्ले. वर्षभराचा खर्च तुमच्याकडे आहे हे दाखवायला महिना ९९२ युरोप्रमाणे ११,९०४ युरो एका खात्यात भरून ठेवायचे असतात. तिथे गेल्यावर ते महिन्या-महिन्याने मिळतात. खातं ऑनलाइन उघडतं, ते सोपं आहे. मी १६ मेला बँकेतून बरोबर ११,९०४ युरो पाठवले. २१ मेला खात्यात ११,८७८ दिसले. पैसे वाटेत ज्या मधल्या बँकेतून गेले तिने २६ युरो कापून घेतले होते. रक्कम पूर्ण नाही म्हणून खात्याचं प्रमाणपत्र मिळेना. २६ युरोसाठी पुन्हा बँकेत जायचं, पुन्हा तोच परकीय चलनाचा फॉर्म, पुन्हा प्रवेशपत्राची प्रत. या वेळी ४० पाठवले. प्रमाणपत्र ४ जूनला आलं.

दोन आठवडे यात गेले आणि ते पूर्णपणे टाळता आले असते. बँकेच्या फॉर्मवर सगळे शुल्क पाठवणारा भरेल असा पर्याय असतो, तो निवडा, आणि तरीही शंभरेक युरो जास्त पाठवा. जास्तीचे पैसे बुडत नाहीत, तुमच्याच खात्यात राहतात. आणि हे खातं उघडायला प्रवेशपत्राची वाट बघायची गरज नसते. मी मार्चमध्येच उघडलं असतं तर मेचे दिवस मोकळे राहिले असते. उलट्या हिशोबात माझी एवढी एक चूक झाली. जे काम दुसऱ्या कशासाठीच थांबलेलं नव्हतं ते मी उगाच रांगेत उभं केलं.

१७ जूनला व्हिसाचा अर्ज दिला. फी ७५ युरोइतकी. पुढे काय होतं हे समजल्यावर वाट बघणं थोडं सुसह्य झालं, म्हणून सांगते. वकिलात एकटी निर्णय घेत नाही. फाइल जर्मनीतल्या ज्या शहरात तुम्ही राहणार तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयाकडे जाते. विद्यार्थ्यांच्या बऱ्याच फायलींना तिथे तीन आठवडे आणि दोन कामाचे दिवस अशी मुदत असते. तेवढ्यात त्यांनी काही हरकत घेतली नाही तर त्यांची संमती आहे असं मानलं जातं. म्हणजे त्या काळात शांतता असणं हे अपेक्षितच आहे. पण फाइल वकिलातीतून तिकडे कधी जाते आणि त्यांनी आणखी काही मागितलं तर किती थांबावं लागतं, हे तुमच्या हातात नसतं. जूनपासून ऑगस्टपर्यंत अर्जांची गर्दीही सगळ्यात जास्त असते.

आठव्या आठवड्यानंतर मी रोज सकाळी उठल्या उठल्या ईमेल बघत होते. बाबा विचारायचे, "आलं का गं काही?" आणि मी मान हलवायचे. नंतर त्यांनी विचारणं सोडलं, फक्त माझ्या चेहऱ्याकडे बघायचे. तिकीट काढलं नव्हतं. किमती वाढत होत्या, तरी काढलं नाही. २६ ऑगस्टला, बरोबर दहा आठवड्यांनी, निरोप आला. २८ ला पासपोर्ट हातात आला. आधी व्हिसा कोणत्या तारखेपासून लागू आहे ते बघितलं, १० सप्टेंबर, आणि मग १३ सप्टेंबरचं तिकीट काढलं. लागू तारखेच्या आधी उतरता येत नाही, म्हणून व्हिसाच्या अर्जावर प्रवासाची तारीख लिहिताना काही दिवस आधीचीच लिहा.

१४ सप्टेंबरला पोहोचले. विद्यापीठात नाव नोंदवायला आरोग्य विम्याची नोंद लागते. ती मी निघण्याआधीच ऑनलाइन केली होती आणि विमा संस्थेने विद्यापीठाला थेट कळवलं, त्यामुळे १९ तारखेला काम झालं. वसतिगृहाची खोली १ ऑक्टोबरपासून मिळाली. मधले दिवस एका भाड्याच्या खोलीत काढले, पण तिथल्या मालकाने पत्त्याच्या नोंदणीसाठी लागणारा कागद द्यायला नकार दिला. जर्मनीत घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवायचा असतो आणि त्याला घरमालकाची सही लागते. तात्पुरती खोली घेताना हा कागद देणार का, हे पैसे भरण्याआधी विचारा. माझी नोंदणी वसतिगृहाच्या पत्त्यावर ८ ऑक्टोबरला झाली.

ते वहीचं पान मी सोबत आणलं आहे. आता मागच्या बाजूला नवा हिशोब आहे. माझा व्हिसा मार्चमध्ये संपतो, त्याआधी राहण्याचा परवाना मिळायला हवा, आणि इथल्या कार्यालयात अपॉइंटमेंटला तीन-साडेतीन महिने लागतात असं वसतिगृहातल्या मुलांनी सांगितलं. म्हणून पत्ता नोंदवला त्याच दुपारी अर्ज टाकला. ११ फेब्रुवारी मिळाली आहे.